मोडी नोंदीत तारीख आणि नाव वारंवार चुकतंय? आधी अनुक्रमांकाचा रकाना बघा

तक्रार बहुतेक वेळा एकाच वळणाची असते. खापरपणजोबांच्या मृत्यूची नोंद सापडली, मोडी वाचकाकडून लिप्यंतर करून घेतलं, आणि साल घरातल्या दुसऱ्या कागदाशी जुळेना. मग कागद दुसऱ्याकडे नेला. त्याने साल वेगळं सांगितलं, वर वडिलांचं नावही बदललं. आता दोन लिप्यंतरं हातात आहेत, दोन्हीवर सह्या आहेत, आणि कोणतं खरं हे ठरवायला तिसरा माणूस शोधायचा. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठा-कुणबी नोंदींसाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि गावोगावच्या जुन्या वह्या उघडल्या जाऊ लागल्या, तेव्हापासून ही तक्रार फारच वाढली आहे. तिसऱ्या माणसाकडे जाण्याआधी जे घरबसल्या तपासता येतं, ते इथे लिहितो आहे. मोडीची मुळाक्षरं तुम्हाला ओळखता येतात आणि अडखळत का होईना ओळ वाचता येते, असं धरून चाललो आहे.

चूक नेमकी इथेच का होते

मोडी लिहिणारा आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ मारून घेतो आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत सुटतो. शब्द कुठे संपला हे रेघ सांगत नाही. विरामचिन्हं नाहीत. इकार-उकारात ऱ्हस्व-दीर्घ पाळलेला नसतो, अनुस्वार कित्येकदा सोडून दिलेला असतो. ओळ संपली की शब्द जिथे असेल तिथे तुटतो आणि उरलेला भाग पुढच्या ओळीत जातो.

एवढं असूनही चालू मजकूर वाचता येतो, कारण अडलेलं अक्षर वाक्याचा अर्थ सोडवून देतो. ‘सरकारात वसूल भरणा केला’ यातलं एखादं अक्षर पुसलेलं असलं तरी काही बिघडत नाही. आकड्याला मात्र असा आधार नसतो. १८९१ हेही साल आणि १८९९ हेही साल. नावाचंही तसंच, देवू असू शकतो आणि देबूही. म्हणून सराईत वाचक सगळा कागद बिनचूक वाचतो आणि नेमका तारखेत आणि नावात फसतो. तिथे डोळा अंदाज करतो, पण तो अंदाज खोटा पाडणारं पुढेमागे काही येत नाही.

त्यामुळे अर्थाऐवजी दुसरा आधार शोधावा लागतो, आणि तो बहुतेक वेळा त्याच पानावर असतो.

एक नोंद, तीन वाचनं

गावच्या जन्म-मृत्यूच्या वहीतली, म्हणजे गाव नमुना नंबर १४ मधली ही मृत्यूची नोंद आहे. ओळख पटू नये म्हणून नावं बदलली आहेत, अडचण मात्र आहे तशीच ठेवली आहे. पहिल्या वाचकाने वाचलं ते असं: ‘ता। ११ माहे मजकूर सन १८९१, राणू बिन देबू, वय ३६, गाठीचा ताप’. दुसऱ्याने तारीख १९ वाचली, तिसऱ्याने नुसती ९. घरात १८९५ सालचं एक खरेदीखत होतं. त्यावर याच राणूची निशाणी होती, नांगराची. लिहिता न येणारा शेतकरी सहीच्या जागी नांगराचं चित्र काढून घेत असे, तशी. म्हणजे १८९१ साली वारलेला माणूस १८९५ साली निशाणी करतो आहे. एकतर माणसं दोन आहेत, नाहीतर साल चुकलं आहे.

इथे बरेच जण भिंग घेऊन त्या एका आकड्याकडेच बघत बसतात. त्याने फार तर डोळे दुखतात. एकटा आकडा कितीही मोठा करून पाहिला तरी तो १ आहे की ९, हे तो सांगत नाही. त्या लेखकाचा १ कसा असतो आणि ९ कसा असतो, हे माहीत असलं तरच तो ओळखता येतो.

आणि ते माहीत करून घेण्याची जागा म्हणजे अनुक्रमांकाचा रकाना. तिथे १, २, ३ असे आकडे ओळीने लिहिलेले असतात. क्रम ठाऊक असल्यामुळे प्रत्येक आकडा आपल्याला वाचण्याआधीच माहीत असतो. म्हणजे गावचं दप्तर लिहिणाऱ्या कुलकर्ण्याने त्याच हाताने, त्याच लेखणीने, त्याच शाईने आपल्या आकड्यांचा तक्ता आपल्यासाठी काढून ठेवला आहे. मोबाइलवर पानाचा फोटो घ्या, १, ११, २१, ३१ या ओळींतले एक कापून एका पट्टीत लावा, ९, १९, २९, ३९ मधले नऊ दुसऱ्या पट्टीत लावा. दोन्हींचे चार-पाच नमुने जमले की शंका असलेला आकडा मध्ये ठेवून बघा. अंक तिरका असेल तर फोटो फिरवू नका. लेखकाचा हात जितका कलतो तितका तो सगळीकडे कलतो, आणि तो कल हीसुद्धा खूणच आहे.

या वहीत फरक असा निघाला. लेखकाचा १ वर छोटं भरीव बोंडुकं घेऊन सुरू होतो आणि शेपूट सरळ खाली जाते. ९ चं वरचं वळण किंचित उघडं राहतं आणि शेपूट खाली आल्यावर उजवीकडे हलकीशी वळते. सालातला शेवटचा आकडा ९ च्या पट्टीत बसला. साल झालं १८९९. तारखेचा दुसरा आकडाही त्याच पट्टीत गेला, म्हणजे ११ बाद. दुसऱ्या हाताच्या वहीत फरक याच्या नेमका उलटही असेल, म्हणून हे वर्णन पाठ करू नका. प्रत्येक वहीला नवी पट्टी करायची. वहीच्या मध्यात कुलकर्णी बदलला असेल तर तिथून पुन्हा नवी.

आता १९ की ९? तिसऱ्या वाचकाने ९ वाचलं त्याला कारण होतं. मोडीत शब्द आखडून लिहिला की पुढे उभा दंड देतात. तारीखचं ‘ता।’, मौजेचं ‘मौ।’, कसब्याचं ‘क।’. हा दंड आणि काही हातांतला १ सारखेच दिसतात. ‘ता। ९’ चं ‘ता १९’ होतं आणि ‘ता १९’ चं ‘ता। ९’. मोडी तारखांतली ही सगळ्यात बेरकी जागा आहे आणि नवख्यांना ती कोणी दाखवत नाही. इथे उपाय म्हणजे वरखालच्या ओळी. त्याच रकान्यात ‘ता।’ किती वेळा आलं आहे आणि प्रत्येक वेळी दंड दिला आहे का, ते बघा. या पानावर तो प्रत्येक ओळीत होता, ‘ता’ च्या कान्याला जवळजवळ चिकटून. आपल्या ओळीत मात्र कान्याला चिकटलेला एक दंड होता आणि त्यापुढे जागा सोडून बोंडुकं असलेला आकडा. म्हणजे दंड वेगळा आणि १ वेगळा.

वरची नोंद १७ तारखेची होती आणि खालची २२ ची. त्यांच्यामध्ये १९ बसतं, ९ आणि ११ बसत नाहीत. शेजारच्या नोंदींची ही साक्ष मोलाची आहे, पण तिच्यावर डोळे झाकून विसंबू नका. काही वह्यांत नोंदी मृत्यूच्या क्रमाने नसून खबर आली त्या क्रमाने आहेत. मळ्यात किंवा वाडीवर वारलेल्या माणसाची खबर चार दिवस उशिरा येते आणि मग १७ नंतर १३ येते. आधी पानभर तारखा खाली उतरवून पाहा. त्या चढत्या क्रमाने जात असतील तरच शेजारची साक्ष घ्या. एखादीच मागे आली असेल तर ती उशिराची खबर समजायची, आणि आपली शंकास्पद नोंदही तशीच असू शकते हे लक्षात ठेवायचं.

राहिला महिना. ‘माहे मजकूर’ म्हणजे वर सांगितलेला महिना. याच्या जवळपास अर्ध्या चुका आळसातून होतात. वाचणारा पानावर जो महिना पहिला दिसेल तो लावतो. मजकूर म्हणजे लगेच वरचा, म्हणून एकेक ओळ वर चढत महिन्याचं नाव प्रत्यक्ष लिहिलेलं सापडेपर्यंत जायचं. पान उलटावं लागलं तर उलटायचं. आपल्या नोंदीत तीन ओळी वर ‘सप्टंबर’ सापडला. ‘सन मजकूर’ आणि ‘सदर’ यांनाही हाच नियम. तुम्हाला कोणी फक्त एकाच ओळीची नक्कल किंवा फोटो दिला असेल आणि त्यात ‘मजकूर’ असेल, तर त्या कागदावरून तारीख ठरत नाही. अख्खं पान मागा, मागचं पानही मागा.

शेवटी कारणाचा रकाना. गाठीचा ताप म्हणजे प्लेग. मुंबईत प्लेग उघडकीला आला तो सप्टेंबर १८९६ मध्ये, आणि तिथून तो पुणे-सातारा भागात पसरला. त्यामुळे या भागातल्या गावात १८९१ साली गाठीच्या तापाने मृत्यू हे जुळत नाही, १८९९ साली सहज जुळतं. आकड्यांच्या पट्टीने जे सांगितलं होतं, त्याला आकड्यांशी काहीही संबंध नसलेल्या रकान्याने दुजोरा दिला. साल ठरवताना असा दुजोरा नेहमी शोधावा. ‘मानमोडी’ दिसली की १९१८ च्या साथीकडे बोट जातं. ‘पटकी’ आणि ‘देवी’ मात्र उपयोगाच्या नाहीत, त्या दर काही वर्षांनी यायच्याच.

वय ३६ वाचलं होतं ते मी तसंच ठेवलं. ३ आणि ६ एकमेकांचे आरशातले भाऊ, तेव्हा पट्टी लावून पाहिली आणि ३६ च निघालं. पण वयावरून जन्मसाल काढू नका. वय सांगणारा सांगायचा ते अदमासे. पानभर वयं उतरवली की ३०, ४०, ५०, ६० यांची गर्दी दिसते, ती याच कारणाने.

नावाकडे जाताना

नावात पहिली पायरी म्हणजे सांधे ओळखणं. शब्द सुटे नसल्यामुळे ‘राणूबिनदेवू’ हे एकसंध येतं आणि ‘बिन’ हा सांधा दिसला नाही तर नावाची फोड भलतीकडे होते. बिन आणि वलद म्हणजे अमक्याचा मुलगा, कोम म्हणजे अमक्याची बायको. ‘सगुणा कोम बाबाजी’ मधला बाबाजी हा नवरा. वंशावळ करताना त्याला बाप धरलेला मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिला आहे, आणि मग सगळी शाखाच सासरची माहेरी जाते. वलदचा एक निराळाच घोटाळा आहे. ओळ संपताना ‘व’ लिहून झाला आणि ‘लद’ खालच्या ओळीत गेलं, तर वाचणारा ‘रामा व’ वाचून थांबतो आणि पुढच्या नावाला दुसरा माणूस समजतो. बापलेकाचे दोन भाऊ होतात. ओळीच्या शेवटी एकटा ‘व’ दिसला की पुढच्या ओळीची सुरुवात वाचल्याशिवाय त्याला ‘आणि’ म्हणायचं नाही.

दुसरी पायरी आकड्यांसारखीच, पण अक्षरांची पट्टी. ब आणि व यांत फरक आहे तो एका बारीक आडव्या फटकाऱ्याचा, आणि घाईत तोच आधी गळतो. प, य आणि ष हेही एकमेकांच्या इतके जवळचे की ‘येसू’ चा ‘पेसू’ व्हायला वेळ लागत नाही. पेसू नाव नसतं म्हणून तो पकडला जातो. देवू-देबू, शिवा-शिबा, जिवा-जिबा इथे मात्र दोन्ही चालण्याजोगी नावं असल्यामुळे चूक निसटते.

पट्टीसाठी ज्यात शंका नाही असे शब्द घ्या. ‘बिन’ प्रत्येक ओळीत येतो, त्यातला ब हा पक्का ब. गावाचं नाव प्रत्येक पानाच्या माथ्यावर असतं. ते वडगाव असेल तर पक्का व मिळाला, येवती असेल तर य आणि व दोन्ही मिळाले. महिन्यांची नावं, ‘माहे’, ‘सन’, ‘मौजे’ यांतून म, ह, स, न, ज. इंग्रजी महिने तर फारच कामाचे, त्यांचा क्रम ठाऊक असतो. वरच्या नोंदीत ‘बिन’ च्या ब मध्ये आडवा फटकारा पानभर कुठेही चुकलेला नव्हता, अगदी शाई संपत आलेली असतानासुद्धा. राणूच्या बापाच्या नावातल्या अक्षरात तो नव्हता, आणि तिथे कागद शाबूत होता. म्हणून देवू. फटकाऱ्याच्या जागी वाळवीचं भोक असतं, तर देवू-देबू ठरवायला या पानावर आधार नव्हता असंच लिहावं लागलं असतं.

अनुस्वाराबद्दल उलटी सवय लावून घ्या. ‘खडू’ दिसलं तर खंडू, ‘धोडी’ दिसलं तर धोंडी, ‘सीदे’ दिसलं तर शिंदे असण्याची शक्यता डोक्यात ठेवायची. श च्या जागी स हेही जुन्या कागदांत नेहमीचं, सिंदे असं तर सर्रास येतं. पण लिप्यंतरात जे दिसतं तेच उतरायचं आणि आपला अर्थ शेजारी द्यायचा. याच्या उलट, अनुस्वार दिसला तरी तो अनुस्वारच असेल असं नाही. पातळ कागदावर मागच्या बाजूची शाई फुटून येते आणि बरोबर अक्षराच्या डोक्यावर ठिपका बसवते. पाना मागे काय लिहिलं आहे ते बघा. फोटो असेल तर मागच्या पानाचा फोटो आरशासारखा उलटा करून त्यावर ठेवला की कोणता ठिपका कुठून आला ते लगेच कळतं.

आणि रकाना. खबर देणाऱ्याचं नाव हा वेगळा रकाना असतो. कोतवालाचं किंवा पाटलाचं नाव तिथे पुन्हा पुन्हा येतं. पानावर एकच नाव सात-आठ ओळींत ‘बाप’ म्हणून वाचलं जात असेल तर रकाना सरकला आहे हे नक्की. जन्माच्या नोंदीत तर मुलाचं नावच नसतं कित्येकदा, नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. बारसं बाराव्या दिवशी, खबर त्याआधीच दिलेली. अशा नोंदीत जे एकमेव नाव दिसतं ते बापाचं असतं. ‘आजोबांचा जन्मदाखला सापडला’ म्हणून आनंदात आणलेला कागद आजोबांच्या एखाद्या मुलाच्या जन्माचा निघतो, तो असा. त्यांचं नाव त्यात बाप म्हणून आलेलं असतं.

पेशवाईतला कागद असेल तर

इथे अनुक्रमांकाचा रकाना नाही, पण लिहिणाऱ्याने दुसरी सोय केलेली असते. एकच दिवस तो दोन-तीन पद्धतींनी सांगतो: शक, संवत्सराचं नाव, तिथी, वार, आणि बऱ्याचदा शुहूर सन व मुसलमानी महिन्याचा चंद्रही. प्रत्येक पद्धत दुसरीला तपासते. उत्तर ठाऊक असलेल्या तारखेवर हे करून पाहिलं की हात बसतो, म्हणून थोरल्या माधवरावांचा मृत्यू घेऊ. थेऊर, १८ नोव्हेंबर १७७२, बुधवार. मोडी कागदाच्या धाटणीत हा दिवस असा येईल: शके १६९४ नंदननाम संवत्सरे कार्तिक वद्य ८ सौम्यवासर, सन सलास सबैन मया व अलफ, छ २२ साबान.

समजा, शकातला ९ तुम्ही १ वाचलात आणि १६१४ आलं. संवत्सराचं नाव लावून बघा. शकात १२ मिळवायचे, ६० ने भागायचं, बाकी उरेल तो साठ संवत्सरांच्या यादीतला, प्रभवापासून मोजलेला क्रमांक, बाकी शून्य आली तर साठावा. १६९४ अधिक १२ म्हणजे १७०६, बाकी २६, सव्विसावा नंदन. जुळलं. १६१४ ला बाकी ६ उरते, सहावा अंगिरा. कागदावर नंदन स्पष्ट असेल तर १६१४ बाद झालं. १६९५ वाचलं असतं तर विजय आला असता, तेही बाद. पण ९ च्या जागी ३ वाचून १६३४ केलंत तर ही चाळणी गप्प बसते, कारण बरोबर ६० वर्षांच्या अंतरावर तेच नाव पुन्हा येतं.

मग शुहूर सन. यात आकडे अरबी शब्दांनी लिहितात, एकं आधी, मग दहं, मग शेकडा आणि हजार. सलास ३, सबैन ७०, मया १००, अलफ १०००, मिळून ११७३. शुहूर वर्ष मृगाला, जूनच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास सुरू होतं. त्यामुळे मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून मृगापर्यंत ६००. कार्तिक महिना म्हणजे ५९९, आणि ११७३ चे १७७२ झाले. जानेवारी १७६१ मधलं पानिपत ११६१ मध्ये येतं, तिथे ६०० मिळवावे लागतात, यावरून नियम लक्षात राहतो.

शुहूर वाचताना खरी भीती शब्दांच्या शेपटांची असते. सबा म्हणजे ७ आणि सबैन म्हणजे ७०, तिसा ९ आणि तिसैन ९०, सीत ६ आणि सितैन ६०. शेपूट ओळीच्या टोकाला गेलं की तुटतं. सबैनचं सुरुवातीचं अक्षर पुसलेलं असेल आणि तुम्ही तिसैन वाचलंत, तर ११९३ म्हणजे १७९२ येतं. त्या सालचा शक १७१४, संवत्सर परिधावी, म्हणजे नंदनशी पुन्हा विसंगत. त्याहून वाईट जोडी मया आणि मयातैनची. मयातैन म्हणजे २००. एका शेपटाने कागद शंभर वर्षं पुढे जातो, आणि दोन्ही वाचनं तोंडाला सारखीच सराईत वाटतात.

दिवसासाठी चंद्र आणि वार. तारखेआधीचा ‘छ’ म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्याची तारीख. तिथी आणि चंद्र दोन्ही आकाशातल्या एकाच चंद्रावरून मोजतात, म्हणून त्यांच्यात नातं असतं. शुद्ध तिथी आहे तशी धरायची, वद्य असेल तर तीत १५ मिळवायचे. चंद्राचा आकडा त्याहून एक-दोनाने कमी येतो. वद्य ८ म्हणजे २३, आणि चंद्र २२. बसलं. ८ च्या जागी ३ वाचलं असतं तर १८ आले असते, म्हणजे चंद्र १६-१७ हवा होता. कागदावर २२ स्पष्ट असेल तर ३ चालत नाही. एका दिवसाचा निकाल मात्र यावर लावू नका, तेवढी ही चाळणी बारीक नाही. महिन्याचं नावही नीट बघा. रबिलावल आणि रबिलाखर, जमादिलावल आणि जमादिलाखर आखडून लिहिले की फक्त शेवटच्या अक्षरांनी वेगळे राहतात आणि चूक एक महिन्याची होते.

एका दिवसाचा निकाल वार देतो. पण वाराचीच नावं घातकी आहेत. सौम्यवासर म्हणजे बुधवार, सोमवासर म्हणजे सोमवार, भौमवासर म्हणजे मंगळवार. सौम्यमधला जोडाक्षराचा य दबला की डोळा सरळ सोमवार वाचतो आणि मग जंत्रीत, म्हणजे जुन्या तिथी, वार आणि तारखा देणाऱ्या पुस्तकात, तिथी दोन दिवसांनी चुकलेली दिसते. अशा वेळी तिथी बदलण्याची घाई होते. आधी वार पुन्हा वाचा. सोमवार वाचला आणि जंत्री बुधवार म्हणते, तर तो सौम्य असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

आता उरतो तो प्रश्न, सगळं जुळत नाही तेव्हा काय करायचं. तीन गोष्टी एका सालाकडे आणि एक दुसरीकडे जात असेल तर ती चौथी पुन्हा वाचायची. पुन्हा वाचूनही ती तशीच स्पष्ट असेल तर चूक मूळ लिहिणाऱ्याची असू शकते, नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात जुना शक लिहून जाणारे तेव्हाही होतेच. पण लिप्यंतरात ती दुरुस्त करायची नाही.

लिप्यंतर कसं उतरवायचं

ओळीला ओळ. कागदावर ओळ जिथे तुटते तिथेच तुमचीही तुटू द्या, म्हणजे पुढचा तपासणारा बोट ठेवून चालू शकतो. ऱ्हस्व-दीर्घ सुधारू नका, नसलेला अनुस्वार घालू नका. शंका असलेलं अक्षर चौकटी कंसात प्रश्नचिन्हासह द्या आणि दुसरं शक्य वाचन खाली टिपेत. फाटलेल्या जागी जितकी अक्षरं जातील असं वाटतं तितके ठिपके द्या. इसवी सनातलं रूपांतर मूळ मजकुरात मिसळू नका, ते खाली वेगळ्या ओळीत आणि कशावरून काढलं ते सांगून. वरची नोंद माझ्या वहीत अशी आहे:

ता। १९ माहे मजकूर [= सप्टंबर, तीन ओळी वर] सन १८९[९?]
राणू बिन दे[वू?] वय ३६ गाठीचा ताप

टीप: सालातला शेवटचा अंक १ असाही वाचला गेला आहे. अनुक्रमांक ९, १९, २९ मधील ९ शी जुळतो. मृत्यूचे कारण पाहता १८९९ ग्राह्य. ‘देबू’ वाचन ‘बिन’ मधील ब शी जुळत नाही.

सालाबद्दल माझी खात्री असूनही प्रश्नचिन्ह ठेवलं आहे, कारण वाद झालेला आकडा कोणता हे पुढच्या माणसाला दिसायला हवं. ज्या कामासाठी वाचकाने सही केलेलं लिप्यंतर लागतं, त्यासाठी ते करणाऱ्याला ही टीप आणि दोन्ही पट्ट्यांचे फोटो सोबत द्या. नुसतं ‘साल १८९९ करून द्या’ म्हणून कागद पुढे केलात तर जबाबदार वाचक तो परत करेल.